पाईपातली वायर काढली आणि कोल्ड रूममधलं २.४ चं वाय-फाय गेलं, ५ चं मात्र चालू! असं कसं?

दिंडोरीकर · रविवार, रात्री ९.१२

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये, जरा मदत करा. दिंडोरी रोडला आमचं द्राक्षाचं छोटं पॅकहाऊस आहे, त्यात एक प्रीकूलिंगची खोली आहे. पफ पॅनलची, दोन्हीकडून पत्रा, दारही तसलंच. आतलं तापमान बघायला जुना वायरवाला सेन्सर होता, त्याची वायर भिंतीतून न्यायला फॅब्रिकेशनवाल्याने दोन बाय एकचा अ‍ॅल्युमिनियम पाईप आरपार टाकून दिलेला. बाहेर ऑफिसच्या बाजूला पाईपाच्या तोंडाशीच राउटर.

मागच्या महिन्यात वाय-फायवाला सेन्सर घेतला, मोबाईलवर दिसतो म्हणून. दोन दिवस जुना आणि नवा दोन्ही चालवून आकडे जुळतात का ते बघितलं, झकास चाललं. मग जुना काढला, त्याची वायर पाईपातून ओढून घेतली, आणि त्या क्षणापासून नवा सेन्सर ऑफलाईन! वायरीचा आणि त्याचा काही संबंध नाही हो, तो बॅटरीवर चालतो.

आता खरी गंमत ऐका. मोबाईल घेऊन आत गेलो, दार लावून घेतलं, तर ५ गिगाहर्ट्झवालं नेटवर्क दिसतंय, उणे ६३-६४ च्या आसपास, आणि २.४ वालं गायब, कधीमधी उणे ९० ला डोकं वर काढतं. आजवर सगळे सांगत आले की २.४ भिंतीतून जास्त जातं, ५ कमी जातं. इथे बरोब्बर उलटं. आणि सेन्सरला फक्त २.४ कळतं. सीझन तोंडावर आलाय, काय करू?

वायफायवाला_नाशिकरोड · रविवार, रात्री ९.४०

दोन्ही बँडला एकच नाव दिलंय का? राउटर स्वतःच डिव्हाईस ५ वर ढकलतो, मग २.४ वाले लटकतात. नावं वेगळी करा, चॅनल १ किंवा ६ वर फिक्स करा, राउटर रिस्टार्ट करा. ९० टक्के केसेस यातच सुटतात.

दिंडोरीकर · रविवार, रात्री ९.४७

नावं आधीपासून वेगळीच आहेत दादा, चॅनल ६ फिक्स आहे. आणि दार उघडं टाकलं की सेन्सर लगेच जोडला जातो. म्हणजे राउटर, सेन्सर दोन्ही ठणठणीत आहेत, भानगड भिंतीची आहे.

अंबडफॅब · रविवार, रात्री १०.०५

सोपं आहे भाऊ. पत्र्याच्या खोलीत सिग्नल जायला तुमचं एकच भोक आहे, तो पाईप. २.४ ची लाट साडेबारा सेंटीमीटरची, ५ ची साडेपाच-सहा. मोठी लाट बारक्या भोकात मावत नाही, पाईपाच्या धातूत खाल्ली जाते, लहान लाट निघून जाते. आमच्याकडे अडीच इंची सेक्शन पडलेत, एक टाकून घ्या, काम फत्ते. वायरीचं काय ते मला नाही कळलं, योगायोग असेल.

रडारकाका · रविवार, रात्री ११.२०

नोकरीभर वेव्हगाईडचे, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्यांचे, तुकडे जोडण्यात हात काळे केलेत, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. दिंडोरीकर, तुमची निरीक्षणं एकदम अचूक आहेत आणि तिन्ही गोष्टी एकाच कारणाने होतायत, ५ चं येणं, २.४ चं न येणं, आणि वायर असताना २.४ चं येणं. योगायोग नाहीये. तुमच्या फॅब्रिकेशनवाल्याने नकळत तुम्हाला एक चांगला वेव्हगाईड बसवून दिलाय.

आधी तीन मापं द्या. पाईपाची आतली रुंदी, आतली उंची आणि लांबी. बाहेरचं माप नको, दोन बाय एक म्हणजे ते बाहेरचं झालं. व्हर्नियर मिळाला तर उत्तम. आणि पाईप आडवा बसवलाय की उभा, म्हणजे रुंद बाजू जमिनीला समांतर आहे का तेही सांगा.

दिंडोरीकर · सोमवार, सकाळी ८.३१

काका, शेजारच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर आणला. आतली रुंदी ४७.८ मिमी, उंची २२.४ मिमी, लांबी ३० सेंटीमीटर (पॅनल १० सेंमी, दोन्हीकडे दहा-दहा बाहेर आलाय). आडवा बसवलाय, रुंद बाजू जमिनीला समांतर. राउटरचे अँटेना उभे आहेत, पाईपाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

रडारकाका · सोमवार, सकाळी १०.०२

बघा आता. अशा आयताकृती पाईपात सगळ्यात खालची कुठली फ्रिक्वेन्सी जाऊ शकते ते फक्त रुंद बाजूवर ठरतं:

```
f = c / (2 × a)
a = 47.8 mm  →  f ≈ 3.14 GHz
```

म्हणजे तुमच्या पाईपाचा उंबरठा आहे ३.१४ गिगाहर्ट्झ. वाय-फायचा ५ वाला बँड ५.१८ पासून सुरू होतो, तो उंबरठ्याच्या चांगला वर आहे, आरामात निघून जातो. चॅनल ६ म्हणजे २.४३७, तो खाली आहे, त्याला पाईपातून चालताच येत नाही. तो तोंडातून थोडा आत शिरतो आणि तिथल्या तिथे विरत जातो. किती विरतो त्याचाही हिशोब आहे, तुमच्या मापाला २.४३७ वर दर सेंटीमीटरला साधारण ३.६ डीबी. ३० सेंटीमीटरला झाले १०८ डीबी. ३ डीबीला ताकद निम्मी होते, त्यावरून अंदाज करा. तुम्हाला कधीमधी उणे ९० ला दिसतं ते पाईपातून नाही, दाराच्या रबरातून किंवा पॅनलच्या जोडातून झिरपत असणार.

विटांच्या भिंतीतून २.४ जास्त जातं हे खरंच आहे, पण तिथे लाट भिंतीच्या मालातून जाते आणि माल तिला थोडी थोडी शोषतो. पत्र्याच्या खोलीत भिंतीतून काहीच जात नाही, जे जातं ते नळीतून, आणि नळीचा कायदाच वेगळा.

अंबडफॅब, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण "लाट भोकात मावत नाही" हे तितकंसं खरं नाही. पाईपाची उंची बघा, २२.४ मिमी. ५.१८ ची अर्धी लाट २९ मिमी होते, म्हणजे तीही उंचीत मावत नाही, तरी जाते! उंची पार निम्मी केली तरी उंबरठा ३.१४ च राहील. मावण्याचा प्रश्न फक्त एका दिशेने येतो, का ते संध्याकाळी लिहितो, आत्ता बँकेत जायचंय.

अंबडफॅब · सोमवार, सकाळी १०.२६

काका मान्य, पण १०८ डीबी गेली कुठे? धातूत गेली तर पाईप गरम व्हायला पाहिजे. राउटरची पॉवर कमी म्हणून कळत नसेल, पण तत्त्व तेच ना?

पंचवटीची_मीनल · सोमवार, दुपारी १.१५

मला यातलं फार कळत नाही, पण मायक्रोवेव्हबद्दल चाललंय म्हणून विचारते. आमच्या ओव्हनच्या काचेला आतून बारीक भोकांची जाळी आहे, त्यातून उजेड दिसतो म्हणजे लहरीही बाहेर येत असतील ना? सासूबाई ओव्हन चालू असला की स्वयंपाकघरात थांबत नाहीत, मुलांनाही थांबू देत नाहीत. कूलिंग रूमचं चाललंय ते माहिती आहे, पण राहवलं नाही.

रडारकाका · सोमवार, दुपारी ४.४०

मीनलताई, तुमचा प्रश्न याच धाग्यातला आहे. जाळीचं प्रत्येक भोक म्हणजे एक बुटका गोल पाईपच. भोक दीड मिमीचं धरलं तर त्याचा उंबरठा ११७ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि ओव्हन चालतो २.४५ वर, म्हणजे उंबरठ्याच्या पार तळाशी. उजेडाची फ्रिक्वेन्सी त्या उंबरठ्यापेक्षा हजारो पटींनी जास्त, म्हणून तो सरळ बाहेर येतो. एकाच भोकातून एक जातं आणि दुसरं जात नाही, त्यामुळे आतलं दिसतं याचा अर्थ लहरी येतात असा होत नाही. लक्ष द्यायचं ते जाळीकडे नाही, दाराच्या कडेकडे. दार वाकलेलं असेल, बिजागरी सैल असेल, नीट बसत नसेल तर वापरू नका, दुरुस्त करून घ्या. सासूबाईंना जाळीची भीती नको म्हणावं.

अंबडफॅब, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ती ताकद खर्च होत नाही, परत जाते. उंबरठ्याखाली पाईपाचं तोंड लाटेला जवळजवळ आरशासारखं लागतं. आत जे क्षेत्र घुसतं त्यात विद्युत आणि चुंबकीय भाग एकमेकांच्या पाव फेरी मागेपुढे असतात, त्यामुळे अर्धा वेळ ऊर्जा आत आणि अर्धा वेळ बाहेर, निव्वळ पुढे काहीच सरकत नाही. पाईप अगदी आदर्श धातूचा, शून्य रोधाचा केला तरी हे ३.६ डीबी प्रति सेंटीमीटर तसेच राहतील. गरम होण्याशी याचा संबंधच नाही.

प्राची_इटीसी · सोमवार, सायंकाळी ६.१८

काका, मी थर्ड इयरला आहे, आमच्या लॅबला एक्स-बँडचा बेंच आहे. २२.८६ बाय १०.१६ मिमीचा गाईड, कटऑफ म्हणजे तुमचा उंबरठा ६.५६ गिगाहर्ट्झ, हे वायव्हाला पाठ करून गेले होते, पण "का" हे खरंच कळलेलं नाही. सरांनी बोर्डावर समीकरण सोडवलं, वर्गमुळाच्या आत ऋण आलं, म्हणून जात नाही, संपलं. समीकरणाशिवाय सांगता येईल का? आणि एक अडलंय, ९.४ वर आम्ही स्लॉटेड लाईनवर प्रोब सरकवत मिनिमा, म्हणजे सिग्नल सगळ्यात कमी होतो त्या जागा, मोजले, दोन मिनिमांत अर्धी लाट असते, ते अंतर २२.२ मिमी आलं, म्हणजे गाईडमधली लाट साडेचव्वेचाळीस मिमी. पण बाहेर हवेत ती ३१.९ ची असते. पाईपात घातली की लाट लांब कशी होते?

रडारकाका · सोमवार, रात्री ९.५५

प्राची, तुझ्या बेंचवरच्या त्या २२.२ मध्येच सगळं उत्तर आहे. चहा घेऊन बसलोय, सावकाश लिहितो.

पाईपात लाट सरळ नाकासमोर जात नाही. ती दोन उभ्या भिंतींवर आपटत, नागमोडी जाते. कॅरमची सोंगटी दोन कडांवर आपटत पुढे सरकते तशी. असं का? कारण लाटेचं विद्युत क्षेत्र पाईपात वर-खाली उभं असतं, खालच्या रुंद पत्र्यापासून वरच्या रुंद पत्र्यापर्यंत. आणि धातूचा नियम असा की पृष्ठभागाला चिकटून समांतर विद्युत क्षेत्र राहू शकत नाही, धातूतले इलेक्ट्रॉन हलून ते मारून टाकतात. वर-खालच्या पत्र्यांना हे क्षेत्र काटकोनात भिडतं, तिथे काही अडचण नाही, म्हणून उंची कितीही कमी चालते. पण डाव्या-उजव्या बाजूच्या भिंतींना ते समांतर असतं, तिथे ते शून्य झालंच पाहिजे. सरळ जाणारी एकटी लाट दोन्ही भिंतींवर शून्य होऊ शकत नाही. मग उपाय एकच, दोन लाटा एकमेकींना तिरक्या छेदत जातात आणि नेमक्या भिंतींवर एकमेकींना खोडतात, मध्ये मात्र भर घालतात.

आता हे खोडणं दोन्ही भिंतींवर जमायला तिरकेपणा नेमका लागतो. दिंडोरीकरांच्या पाईपात ५.१८ वर लाट भिंतीच्या काटकोनापासून साधारण ५३ अंशांवर जाते, चांगली पुढे झुकलेली. फ्रिक्वेन्सी कमी कर, लाट लांब होते, आणि त्याच रुंदीत खोडणं जमवायला तिला जास्त जास्त आडवं व्हावं लागतं. ३.२ वर आलीस की फक्त ११-१२ अंश, म्हणजे लाट जवळजवळ या भिंतीवरून त्या भिंतीवर नुसती ये-जा करतेय, पुढे सरकणं नावाला. ३.१४ वर शून्य अंश. पूर्ण आडवी. दोन भिंतींमध्ये बरोब्बर अर्धी लाट, आणि पुढे एक पाऊलही नाही. हाच उंबरठा.

त्याच्या खाली काय? आडवीपेक्षा जास्त आडवं काही नसतं. २.४३७ ला लागणारा कोनच अस्तित्वात नाही, कारण तिथे कोसाइन १.२९ लागेल. तुझ्या सरांच्या वर्गमुळातलं ऋण ते हेच. पुढे जाणारी लाटच तयार होऊ शकत नाही, मग तोंडाशी नुसती ढकलाढकल होते आणि आत जावं तशी ती मरत जाते.

आता तुझं साडेचव्वेचाळीस. तू प्रोब पाईपाच्या लांबीवर सरकवलास, लाट मात्र तिरकी चालली होती. गोदावरीच्या घाटावर लाट तिरकी येऊन पायरीला लागते तेव्हा पायरीवरच्या दोन शिखरांतलं अंतर खऱ्या लाटेपेक्षा लांब दिसतं, तसं. जितकी जास्त आडवी तितकं ते अंतर लांब, उंबरठ्यावर अनंत. जमल्यास बेंचवर ९.४ ऐवजी ८.५ लावून मिनिमा मोज, अंतर वाढलेलं दिसेल. साधारण साडेसत्तावीस मिमी यायला हवं.

प्राची_इटीसी · सोमवार, रात्री १०.४०

काका!! हे पाच सेमिस्टरमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. बाजूच्या भिंतीशी समांतर म्हणून शून्य, हे एक वाक्य मिळालं असतं तरी पुरलं असतं. गुरुवारी लॅब आहे, ८.५ करून बघते.

म्हणजे दिंडोरीकरांनी राउटरचा अँटेना आडवा केला, पाईपाच्या रुंद बाजूला समांतर, तर विद्युत क्षेत्र आडवं होईल, मग ते वर-खालच्या पत्र्यांना समांतर पडेल आणि उंबरठा २२.४ मिमीवरून काढावा लागेल? ६.७ येतोय. मग ५ सुद्धा जायला नको!

रडारकाका · सोमवार, रात्री १०.५२

शाब्बास. दिंडोरीकर, करून बघा हे.

दिंडोरीकर · मंगळवार, सकाळी ९.०५

करून बघितलं. मोबाईल आत क्रेटवर एका जागी ठेवला, हलवला नाही, दुसऱ्या मोबाईलवरून आकडा वाचत होतो. अँटेना उभे, उणे ६२. सगळे अँटेना आडवे केले, पाईपाच्या रुंदीला समांतर, तर उणे ८१. परत उभे केले, परत ६२-६३. कामगार पोरं पण येऊन बघून गेली. नुसता अँटेना वळवून खोलीचा दरवाजा लावल्यासारखं होतं हे डोळ्यांनी बघितलं म्हणून विश्वास बसला.

पण काका, वायरीचं राहिलं. आणि सेन्सरचं काय करायचं?

रडारकाका · मंगळवार, सकाळी ११.३०

८१ पर्यंतच खाली गेलं, पार गायब झालं नाही, कारण ऑफिसात भिंती-टेबलांवर आपटून थोडी लाट परत उभी होते आणि तीच आत जाते. बरोबर आहे आकडा.

आता वायर. आतापर्यंत जे सांगितलं ते रिकाम्या पाईपाचं. पाईपाच्या मधून, त्याला न टेकता, एक वायर गेली की गोष्टच बदलते. आता दोन वाहक झाले, बाहेर पाईप आणि आत वायर, म्हणजे डिश टीव्हीच्या केबलची चौकोनी आवृत्ती. विद्युत क्षेत्र वायरीपासून निघून चारी बाजूंच्या पत्र्याला काटकोनात भिडतं, कुठल्याच भिंतीला समांतर राहत नाही. मग नागमोडी चालायची गरज नाही, कोनाची अट नाही, उंबरठाच नाही. २.४ सोडा, रेडिओ, ५० हर्ट्झ, सगळं जातं. तुमच्या सेन्सरची वायर दोन्हीकडे लोंबत होती, तिने बाहेर लाट पकडली, आत नेली आणि आत सोडली. तुम्ही वायर ओढली तेव्हा केबलचं रूपांतर उंबरठ्यावाल्या पाईपात झालं.

शील्डेड रूम बनवतात तिथे हा फार कटू अनुभव असतो. हवा यावी म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी धातूची जाळी लावतात, प्रत्येक खण उंबरठ्याच्या खूप खाली, सगळं चोख. मग कोणीतरी नंतर येऊन एखाद्या नळीतून एक साधी वायर ओवतो आणि सगळ्या शील्डिंगवर पाणी. मी स्वतः एका ठिकाणी दोन दिवस गळती शोधली होती, जोड तपासले, गॅस्केट बदललं, शेवटी नळीतून गेलेली एक बेलची वायर निघाली.

तुम्हाला उलटं हवंय, गळती हवीच आहे. तर पाईपातून इन्सुलेशनवाली एक सिंगल तांब्याची वायर घाला, दीड स्क्वेअर एमएमची घरातली चालेल. थर्मोकोलचे तुकडे पाईपाच्या मापाचे कापून त्याच्या मधोमध भोक पाडून वायर ओवा, म्हणजे ती मध्ये राहील आणि थंडीही बाहेर येणार नाही. थर्मोकोल म्हणजे जवळजवळ हवाच, लाटेला तो दिसत नाही. दोन्ही तोंडांतून वायर ३१ मिमी बाहेर ठेवा आणि वरच्या दिशेने उभी वळवा, २.४३७ च्या पाव लाटेएवढं हे माप आहे. टोकाचं तांबं कुठेही पाईपाला लागू देऊ नका. अगदी जुळलेलं काही होणार नाही, थोडं परत जाईलच, पण काम व्हायला हवं.

अंबडफॅब · मंगळवार, दुपारी १२.१०

काका वायरीचं पटलं, आधी योगायोग म्हणालो ते मागे घेतो. पण कायमचं काम करायचं तर मोठा पाईपच बरा की. अडीच इंची टाकला की वायरबियरची भानगडच नाही.

रडारकाका · मंगळवार, दुपारी १२.५८

अडीच इंचीच नेमका टाकू नका. बाहेरून ६३.५, भिंत दीड-दीड मिमी धरली तर आत ६०.५ राहिला. उंबरठा आला २.४८ गिगाहर्ट्झ. वाय-फायचा २.४ बँड २.४ पासून २.४८३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळा बँड उंबरठ्याच्या जरासा खाली. ३० सेंटीमीटरला चॅनल १ वर साधारण ३१ डीबी जातील आणि चॅनल ११ वर १५. पाईप एकच, चॅनल बदलला की सिग्नल बदलतो, आणि तुम्ही महिनाभर राउटरला दोष देत बसाल. तीन इंची असेल, आत ७३, तर उंबरठा २.०५ ला जातो, ते चालेल. उंबरठ्याला घासून कधी काम करायचं नाही, तिथे लाट जवळजवळ आडवी असते, रेंगाळते, आणि मिमीभर माप चुकलं की गेलं. तुमच्याच एक्स-बँड गाईडचं बघ प्राची, उंबरठा ६.५६ आणि वापर सुरू ८.२ पासून, ती मोकळी जागा उगाच नाही ठेवलेली.

अंबडफॅब · मंगळवार, दुपारी १.२०

तीन इंची साठी पॅनल परत कापायला लागेल, पफ उघडा पडला की पाणी धरतो. दिंडोरीकर आधी वायरच करून बघा मग. आणि आमच्या सेक्शनची भिंत सगळीकडे दीड नसते काका, हलक्या मालात एक-सव्वा पण असते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल.

रडारकाका · मंगळवार, दुपारी १.३१

म्हणूनच पहिल्या दिवशी व्हर्नियर मागितला. तुमच्यासारखा माल हाताळणारा माणूस धाग्यावर आहे हे बरं झालं.

कसारा_अपडाऊन · मंगळवार, सायंकाळी ७.४५

रोज नाशिकरोड ते कल्याण करतो. इगतपुरी सोडली की बोगद्यांत मोबाईलवरचा एफएम जातो. म्हणजे बोगदा हाही वेव्हगाईड आणि एफएम त्याच्या उंबरठ्याखाली, असंच ना?

रडारकाका · मंगळवार, रात्री ८.५०

एफएमच्या बाबतीत तसं नाही. बोगदा पाच मीटर रुंद धरला तरी उंबरठा ३० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि एफएम ८८ ते १०८, म्हणजे वर आहे. तिथे दोष खडकाचा. खडक धातू नाही, लाट दर आपटीला थोडी त्यात मुरते, शिवाय तोंडातून आत शिरतेच कमी. मीडियम वेव्ह, १ मेगाहर्ट्झच्या आसपासचं, ते मात्र उंबरठ्याच्या फार खाली आहे.

प्राची_इटीसी · मंगळवार, रात्री ९.१०

पण काका, रेल्वेच्या बोगद्यात वरून ओव्हरहेड वायर जाते ना! मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दोन वाहकांसारखं झालं, मीडियम वेव्हला उंबरठा नको उरायला. मग ट्रेनमध्ये मीडियम वेव्ह चालायला हवं?

रडारकाका · मंगळवार, रात्री ९.२२

मुद्दा बिनतोड आहे. थोडं तरी तारेवरून आत यायला हवं. पण डब्याची पत्र्याची बॉडी, खिडकीशी रेडिओ कसा धरलाय, इंजिनचा खरखराट, हे सगळं त्यात मिसळतं. नुसत्या तर्कावर मी हो किंवा नाही म्हणणार नाही. कोणाकडे जुना ट्रान्झिस्टर असेल तर खिडकीत बसून ऐकून बघा आणि इथे लिहा.

कसारा_अपडाऊन · मंगळवार, रात्री ९.३०

वडिलांचा आहे घरी. सेल घालून शनिवारी घेऊन जातो.

दिंडोरीकर · बुधवार, दुपारी ४.१५

झालं!! थर्मोकोलचे चार तुकडे कापले, मधोमध वायर ओवली, दोन्हीकडे ३१ मिमी मोजून उभी वळवली. पहिल्यांदा काहीच फरक नाही, उणे ८८. हिरमुसलो. मग आत जाऊन बॅटरी मारून बघितलं तर आतल्या तोंडाशी वायर वळवताना इन्सुलेशन सोललं गेलं होतं आणि तांबं पाईपाच्या वरच्या कडेला टेकलेलं. तो तुकडा कापून नवी वायर घातली, कडेपासून मोकळी ठेवली, आणि मोबाईलवर २.४ चालू, उणे ६८. सेन्सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, सहा-सात मीटरवर, तो दोन मिनिटांत आपणहून जोडला गेला. दार बंद करून दोन तास झाले, एकदाही तुटला नाही. काका, काय बोलू, फोटो टाकतो संध्याकाळी.

एक शंका आहे. सीझनमध्ये आत प्रचंड ओल असते, पाईपाच्या आतून पाणी सुटतं, थर्मोकोल भिजतो. त्याने बिघडेल का?

रडारकाका · बुधवार, सायंकाळी ५.४०

वायर टेकली की तिथे शॉर्ट, लाट तिथूनच मागे. तुम्ही ते स्वतः शोधून काढलंत, फार छान.

पाण्याचं ऐका. भिजलेला थर्मोकोल हवेसारखा राहत नाही, आणि पाणी २.४ ला शोषतं, ओव्हनमध्ये तेच तर होतं. थोडे थेंब चालतील, चिंब झाला तर सिग्नल पडेल. पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता करता आला तर पाणी निथळेल, आणि दोन्ही तोंडं सिलिकॉनने बंद करा. टोकाच्या तांब्यालाही सिलिकॉनचा टिपका लावा.

प्राची_इटीसी · बुधवार, रात्री ८.०५

काका, एक सुचलंय, वेडगळ वाटलं तर सांगा. वायर न घालता पाईप मेणाने भरला तर? मेणाचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट सव्वादोनच्या आसपास, त्याचं वर्गमूळ दीड, म्हणजे आत लाट दीडपट आखूड होईल आणि उंबरठा ३.१४ वरून २.०९ ला येईल. २.४ जायला हवं, आणि पाणी शिरायला जागाच नाही.

रडारकाका · बुधवार, रात्री ८.३३

वेडगळ अजिबात नाही, हिशोब बरोबर आहे, गाईडमध्ये असं डायलेक्ट्रिक भरतातच. मला काळजी एकच वाटते, मेण थंडीत आकसतं. बाजूच्या भिंतीशी फट पडली तर फारसं बिघडत नाही, तिथे क्षेत्र तसंही शून्याजवळ. पण वरच्या पत्र्याशी मिमीभर फट पडली तर क्षेत्र नेमकं तिथे उभं असतं, त्याने उंबरठा परत वर सरकेल. किती, ते मला इथे बसून सांगता येणार नाही.

अंबडफॅब · बुधवार, रात्री ८.५१

माझ्याकडे त्याच मापाचा फूटभर तुकडा पडलाय. मेण ओततो, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवतो आणि वर किती फट पडते ती फिलर गेजने मोजून टाकतो इथे. प्राचीताई, मेण साधं मेणबत्तीचं चालेल ना?

प्राची_इटीसी · बुधवार, रात्री ८.५८

चालेल दादा, फक्त दोन-तीन वेळा थोडं थोडं ओता, एकदम ओतलं तर मध्ये पोकळी राहते. मी उद्या लॅबमध्ये ८.५ चं मोजून आकडा टाकते.

पंचवटीची_मीनल · बुधवार, रात्री ९.२०

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. जाळीचं पटलं त्यांना, पण आता दाराची बिजागरी रोज हलवून बघतात.

प्राची_इटीसी · गुरुवार, दुपारी ३.०२

काका, ८.५ वर दोन मिनिमांत २७.३ मिमी. ग्रुपमधल्या तिघांनी वेगवेगळं मोजलं, २७.१ ते २७.६ मध्ये आलं सगळ्यांचं. सरांना नागमोडीचं सांगितलं, त्यांनी पुढच्या बॅचला तसंच शिकवतो म्हणून फळ्यावर काढून घेतलं.